एंटर दाबल्यावर काय घडते? नेटवर्किंगच्या तयारीसाठी ज्युनिअरला लिहायचे पत्र

कॅम्पस प्लेसमेंटच्या मुलाखतीत नेटवर्किंगचा पहिला प्रश्न पुष्कळदा एका ओळीचा असतो : ब्राउझरमध्ये संकेतस्थळाचा पत्ता टाईप करून एंटर दाबल्यापासून पान दिसेपर्यंत काय काय घडते? मुलाखती देऊन मोकळा झालेला अंतिम वर्षाचा विद्यार्थी तिसऱ्या वर्षातल्या ज्युनिअरला तयारीचे पत्र लिहितो, तेव्हा त्या पत्राचा गाभा हाच प्रश्न असायला हवा. त्याच्या उत्तरात डीएनएस, एआरपी, राउटिंग, टीसीपी, टीएलएस आणि एचटीटीपी ही प्रकरणे ओळीने येतात. शिवाय मुलाखत घेणाऱ्याला उत्तरातल्या कोणत्याही शब्दावर बोट ठेवून ‘हे असेच का?’ असे विचारता येते. खरी परीक्षा त्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होते.

विद्यापीठाच्या परीक्षेसाठी हा विषय थरांच्या क्रमाने शिकला जातो. फरोझान आणि टॅनेनबॉम यांची पुस्तके तारेपासून आणि बिटपासून सुरू होऊन वर चढतात, तर कुरोस आणि रॉस यांचे पुस्तक अ‍ॅप्लिकेशन थरापासून खाली उतरते. मुलाखतीच्या तयारीला हा दुसरा क्रम अधिक सोयीचा पडतो, कारण प्रश्नही वरूनच सुरू होतो. ओएसआयचे सात थर पाठ असावेत, पण त्यावर आठवडा घालवू नये. ते मॉडेल १९८४ साली प्रमाणित झाले, त्याआधीच १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट टीसीपी/आयपीवर गेले होते, आणि आजचे इंटरनेट त्याच वाटेने वाढलेले आहे. सात नावे धडाधड म्हणून दाखवणाऱ्याला ‘सेशन थराचे काम टीसीपी/आयपीमध्ये कोण करते?’ एवढे विचारले तरी पाठांतर उघडे पडते. त्याचे उत्तर असे की तिथे तसा वेगळा थर नाही, ते काम गरजेप्रमाणे अ‍ॅप्लिकेशनच सांभाळते.

आता एक ठरावीक प्रसंग घेऊन पुढे जाता येईल. हॉस्टेलच्या वाय-फायवर एक लॅपटॉप आहे. त्याचा आयपी पत्ता 192.168.1.23, मास्क /24 आणि गेटवे, म्हणजे बाहेर जाण्याचा राउटर, 192.168.1.1. ब्राउझरमध्ये example.com टाईप झाले. सर्वांत आधी नावाचा आयपी पत्ता हवा. ब्राउझर स्वतःच्या कॅशमध्ये पाहतो, मग ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या कॅशमध्ये आणि hosts फाइलमध्ये पाहते, तिथे नसेल तर प्रश्न रिझॉल्व्हरकडे जातो. रिझॉल्व्हरलाही उत्तर माहीत नसेल तर तो रूट सर्व्हरला विचारतो. रूट त्याला .com सांभाळणाऱ्या सर्व्हरकडे धाडतो, तो example.com च्या अधिकृत सर्व्हरकडे, आणि शेवटी पत्ता हाती येतो. इथे नेमकेपणाची एक जागा आहे. लॅपटॉप एकदाच विचारतो आणि पूर्ण उत्तराची वाट पाहतो. दारोदार फिरण्याचे काम रिझॉल्व्हर करतो. पहिल्या प्रकाराला रिकर्सिव्ह आणि दुसऱ्याला इटरेटिव्ह म्हणतात. व्याख्या पाठ करण्यापेक्षा कोण कोणाला विचारत आहे याचे चित्र कागदावर काढलेले जास्त टिकते.

डीएनएस सहसा यूडीपीवर का चालते, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. लहान प्रश्न आणि लहान उत्तर यांसाठी आधी टीसीपीची जोडणी उभारणे म्हणजे कामापेक्षा तयारीला जास्त वेळ देणे होते, आणि उत्तर आलेच नाही तर पुन्हा विचारता येते. पण ‘डीएनएस फक्त यूडीपी वापरते’ हे विधान चुकीचे आहे. उत्तर मोठे होऊन कापले गेले, तर तीच विचारणा पोर्ट ५३ वरच टीसीपीने होते. ‘सहसा’ हा एक शब्द वापरणाऱ्या विद्यार्थ्याने विषय समजून घेतला आहे, हे समोरच्याला लगेच कळते.

आता पॅकेट लॅपटॉपबाहेर पडणार, आणि मुलाखतीतली सर्वांत जास्त आढळणारी चूक याच पायरीवर होते. लॅपटॉप आधी ठरवतो की सर्व्हर आपल्याच नेटवर्कमध्ये आहे की बाहेर. त्यासाठी तो आपला मास्क दोन्ही पत्त्यांना लावतो. पहिले चोवीस बिट जुळले तर समोरचा घरचा, नाही जुळले तर बाहेरचा. example.com बाहेरचा आहे, म्हणून पॅकेट गेटवेकडे द्यायचे. वाय-फायवर फ्रेम पाठवायला मॅक पत्ता लागतो, म्हणून एआरपीने विचारणा होते. ही विचारणा गेटवेच्या मॅक पत्त्याची असते. ‘एआरपीने सर्व्हरचा मॅक पत्ता मिळतो’ असे उत्तर देणाऱ्याने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केलेल्या असतात. एआरपीची विचारणा आपल्या नेटवर्कची हद्द ओलांडत नाही, आणि दूरच्या सर्व्हरचा मॅक पत्ता लॅपटॉपला कधीच कळत नाही, कळण्याची गरजही नसते.

याच ठिकाणी ‘मॅक असताना आयपी कशाला?’ हा प्रश्न सुटतो. मॅक पत्ता उपकरणासोबत येतो, त्यावरून ते उपकरण जगात कुठे आहे हे कळत नाही. आयपी पत्ता मात्र नेटवर्कच्या गटाने दिलेला असतो, म्हणून राउटरला एकेका उपकरणाची नोंद न ठेवता गटांची नोंद ठेवून मार्ग काढता येतो. वाटेतल्या प्रत्येक राउटरवर जुनी फ्रेम उतरते आणि नवी चढते, त्यामुळे दोन्ही मॅक पत्ते बदलतात. आयपीचा टीटीएल एकने कमी होतो. आयपी पत्ते तेच राहतात, असे पुस्तक सांगते, पण हॉस्टेलच्या उदाहरणात तेही पूर्ण खरे नाही. 192.168 ने सुरू होणारा पत्ता खासगी आहे, म्हणून नॅट करणारा राउटर त्या जागी स्वतःचा सार्वजनिक पत्ता घालतो आणि बहुधा पोर्टही बदलतो. हा अपवाद विद्यार्थ्याने विचारण्याआधीच सांगितला, तर पुढचे संभाषण नॅटच्या नोंद-तक्त्याकडे वळते. तिथे बोलण्यासारखे पुष्कळ असते.

यानंतर टीसीपी येते, आणि तयारीच्या एकूण वेळातला मोठा वाटा इथेच द्यावा. तीन पायऱ्यांची हँडशेक सगळ्यांना पाठ असते, आकडे घालून सांगता येणारे थोडे असतात. समजा, लॅपटॉपने सुरुवातीचा क्रमांक ५००० निवडला आणि सर्व्हरने ९०००. लॅपटॉप `SYN` पाठवतो, क्रमांक ५०००. सर्व्हर `SYN, ACK` पाठवतो : स्वतःचा क्रमांक ९००० आणि ‘मला आता ५००१ हवा’ अशी पोच. लॅपटॉप शेवटचा `ACK` पाठवतो : ‘मला आता ९००१ हवा’. दोन पायऱ्यांत का भागत नाही, याचे उत्तर या आकड्यांतच दिसते. तिसरा संदेश नसेल तर आपला ९००० हा क्रमांक पोहोचला की नाही, हे सर्व्हरला कधीच कळणार नाही. शिवाय नेटवर्कमध्ये रेंगाळलेला एखादा जुना `SYN` उशिरा पोहोचला तर सर्व्हर त्यालाच नवी जोडणी समजून बसेल. पोचेचा क्रमांक नेहमी ‘पुढे हवा असलेला बाइट’ सांगतो, ‘शेवटचा मिळालेला’ नाही, हेही इथेच पक्के करावे.

हेच उदाहरण पुढे नेले की पॅकेट हरवल्यावर काय होते ते दिसते. लॅपटॉपने प्रत्येकी १००० बाइटचे पाच सेगमेंट पाठवले : क्रमांक ५००१, ६००१, ७००१, ८००१ आणि ९००१. पैकी दुसरा वाटेत गेला. पहिला मिळाल्यावर सर्व्हर पोच देतो ६००१. तिसरा, चौथा आणि पाचवा मिळतात, पण मधला नसल्यामुळे सर्व्हर तिन्ही वेळा पुन्हा ६००१ हीच पोच देतो. एकच पोच तीनदा जादा आली की लॅपटॉप घड्याळ संपण्याची वाट न पाहता ६००१ चा सेगमेंट पुन्हा धाडतो. याला फास्ट रीट्रान्समिट म्हणतात. तो पोहोचला की सर्व्हर थेट १०००१ ची पोच देतो, कारण बाकीचे त्याने राखून ठेवलेले होते. हे कागदावर न पाहता दोनदा काढता आले, तर टीसीपी समजले असे धरायला हरकत नाही.

फ्लो कंट्रोल आणि कन्जेशन कंट्रोल यांतला फरक सांगताना व्याख्यांची सरमिसळ होते. फ्लो कंट्रोल समोरच्या यंत्राची काळजी घेते : घेणारा प्रत्येक पोचेसोबत आपल्याकडे किती जागा उरली आहे ते कळवतो. कन्जेशन कंट्रोल मधल्या नेटवर्कची काळजी घेते, आणि नेटवर्क स्वतःहून काही कळवेल याची खात्री नसते. पाठवणाऱ्याला हरवलेल्या पॅकेटवरून अंदाज बांधावा लागतो. हा दुसरा भाग मुळात का आला, याची हकिगत मुलाखतीआधी वाचून ठेवण्यासारखी आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ या जेमतेम ४०० यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला ३२ किलोबिटवरून ४० बिटवर कोसळला. रांगा तुंबल्या की पोच उशिरा येई, मग यंत्रे तेच पॅकेट पुन्हा पाठवत आणि रांगा आणखी तुंबत. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर उपाय शोधून १९८८ साली प्रसिद्ध केला. जोडणीच्या सुरुवातीला थोडेच पाठवायचे, पोच येत राहिली तर दर फेरीला दुप्पट करायचे, आणि नुकसान दिसले की मागे सरायचे, असा त्याचा आराखडा आहे. स्लो स्टार्ट म्हणतात तो हाच, आणि नाव काहीही सांगो, त्यातली वाढ मुळीच संथ नसते. ही पार्श्वभूमी माहीत असलेला विद्यार्थी आलेख पाठ करत बसत नाही, तो त्याला स्वतःच काढता येतो.

टीएलएसबद्दल सर्वसाधारण मुलाखतीत दोन गोष्टी पुरतात. प्रमाणपत्रामुळे समोरचा सर्व्हर खरोखर त्या नावाचा आहे याची खात्री होते, आणि देवाणघेवाणीतून दोन्ही बाजूंना एक सामाईक गुप्त किल्ली मिळते, जिने पुढचा सगळा मजकूर कुलूपबंद होतो. मजकुरासाठी सार्वजनिक किल्लीची पद्धत का वापरत नाहीत, असे विचारले तर ती गणिताने फार जड पडते, हे उत्तर.

वेळेचा हिशेब मात्र करून पाहावा. सर्व्हर परदेशात आहे आणि एका फेरीला, म्हणजे जाऊन येण्याला, २०० मिलिसेकंद लागतात असे धरू. टीसीपीच्या हँडशेकला एक फेरी, २०१८ साली आलेल्या टीएलएस १.३ ला एक, आणि पानाची मागणी व उत्तर यांना एक. म्हणजे नाव शोधण्याचा वेळ सोडून पहिला बाइट यायला सुमारे ६०० मिलिसेकंद. टीएलएस १.२ असेल तर आणखी एक फेरी. एचटीटीपी/३ क्विक या प्रोटोकॉलवर चालते, तिथे जोडणी आणि किल्ली यांचे काम एकाच फेरीत उरकते, म्हणून हाच आकडा ४०० वर येतो. इंटरनेटचा वेग वाढवला तर यातले किती मिलिसेकंद कमी होतील, असे विचारले जाते. जवळजवळ काहीच नाही, कारण इथे वेळ अंतराचा जातो आहे, बँडविड्थचा नाही.

हे सगळे वाचण्याइतकेच डोळ्यांनी पाहणे आवश्यक आहे, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. वायरशार्क हे फुकट मिळणारे साधन लॅपटॉपवर बसवावे, पकड चालू करावी आणि टर्मिनलमध्ये पुढच्या आज्ञा द्याव्यात. पकड स्वतःच्या लॅपटॉपच्या वाहतुकीचीच घ्यावी, इतरांची वाहतूक त्यांच्या परवानगीशिवाय पाहणे गैर आहे.

```
dig +trace example.com
curl http://example.com
arp -a
```

पहिल्या आज्ञेत रूटपासून अधिकृत सर्व्हरपर्यंतची साखळी ओळीने दिसते. दुसरीच्या वेळी वायरशार्कमध्ये `tcp.flags.syn == 1` असा फिल्टर लावला की हँडशेकचे पहिले दोन संदेश समोर येतात. इथे दोन गोष्टी गोंधळात टाकतात. पडद्यावर `Seq=0` दिसतो, कारण वाचायला सोपे जावे म्हणून वायरशार्क क्रमांक शून्यापासून मोजून दाखवतो. प्रत्यक्ष क्रमांक मोठा आणि आधी अंदाज न येणारा असतो. दुसरे असे, की हाच प्रयोग ब्राउझरमधून एखादे मोठे संकेतस्थळ उघडून केला तर त्या स्थळाची टीसीपी हँडशेक दिसेलच असे नाही. पुष्कळ मोठी स्थळे आता क्विक वापरतात, आणि क्विक यूडीपीच्या पोर्ट ४४३ वर चालते. तिसऱ्या आज्ञेच्या यादीत गेटवेचा मॅक पत्ता सापडतो, example.com चा सापडत नाही, आणि एआरपीची वर सांगितलेली गोष्ट स्वतःच्या यंत्रावर सिद्ध होते.

सबनेटिंगचे गणित लेखी चाचणीत आणि मुलाखतीत दोन्हीकडे येते. नमुना असा : 192.168.10.0/24 हे नेटवर्क तीन विभागांत वाटायचे आहे, त्यांत अनुक्रमे १००, ५० आणि २० यंत्रे आहेत. प्रत्येक गटातला पहिला पत्ता नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणून यंत्रांच्या संख्येत दोन मिळवून त्याहून लहान नसलेला दोनाचा घात शोधायचा. १०० साठी १२८ चा गट, म्हणजे /25. ५० साठी ६४ चा, /26. २० साठी ३२ चा, /27. मोठा गट आधी बसवावा : पहिला 192.168.10.0 ते .127, दुसरा .128 ते .191, तिसरा .192 ते .223. शेवटचे बत्तीस पत्ते शिल्लक राहतात. लहान गट आधी बसवून .32 पासून /25 सुरू करणे ही नेहमीची चूक. गटाची सुरुवात गटाच्या आकाराच्या पटीतच असावी लागते, आणि ३२ ही १२८ च्या पटीत नाही.

पण गणित सुटले म्हणजे झाले असे नाही. चांगला मुलाखतकार याच वाटणीवर बिघाडाचा प्रश्न रचतो. दुसऱ्या विभागातल्या एका यंत्राचा पत्ता 192.168.10.130 आहे, गेटवे .129 आहे, आणि मास्क /26 ऐवजी चुकून /24 पडला आहे. काय चालेल आणि काय बंद पडेल? शेजारचे .140 यंत्र मिळेल, कारण ते खरोखरच त्याच नेटवर्कमध्ये आहे. इंटरनेटही चालेल, कारण बाहेरचा पत्ता चुकीच्या मास्कनेही बाहेरचाच ठरतो आणि पॅकेट गेटवेकडे जाते. तिसऱ्या विभागातले .200 मात्र मिळणार नाही. चुकीच्या मास्कमुळे ते घरचे वाटते, यंत्र गेटवेला न विचारता थेट .200 च्या मॅक पत्त्यासाठी एआरपीची हाक देते, ती हाक राउटरपलीकडे जात नाही आणि उत्तर येत नाही. लिनक्सवर अशा वेळी `ping` ला `Destination Host Unreachable` असा संदेश मिळतो आणि तो स्वतःच्याच पत्त्यावरून आलेला दिसतो, यावरून पॅकेट यंत्राबाहेर पडलेच नाही हे ओळखता येते. पहिल्या विभागातली यंत्रेही याच कारणाने दुरावतात. इंटरनेट चालू आहे म्हणजे नेटवर्कची मांडणी बरोबर आहे, असे गृहीत धरणारा विद्यार्थी इथे अडतो. मास्क, गेटवे आणि एआरपी हे तीन धडे वेगवेगळे वाचलेल्याला हा प्रश्न अवघड जातो, एका पॅकेटच्या मागोमाग वाचलेल्याला तो ओळखीचा वाटतो.

रिझ्युमेत नेटवर्किंगशी जोडलेला प्रकल्प असेल तर त्याच्यामागोमागही असेच जावे. सॉकेट वापरून चॅट अ‍ॅप्लिकेशन केले असे लिहिणाऱ्याला दोन प्रश्न हमखास येतात. एकाच वेळी दोन ग्राहक जोडले गेले तर सर्व्हर त्यांना वेगळे कसे ओळखतो? दोघेही सर्व्हरच्या एकाच पोर्टवर येतात, पण त्यांचे स्वतःचे आयपी पत्ते किंवा पोर्ट वेगळे असतात, आणि टीसीपीची जोडणी या चारही आकड्यांच्या संचाने ओळखली जाते. दुसरा प्रश्न असा, की एका बाजूने दोनदा `send` केले तर दुसऱ्या बाजूला दोनदाच `recv` होईल का? तशी हमी नाही. टीसीपी बाइटचा प्रवाह देते, संदेशांच्या सीमा देत नाही, म्हणून प्रत्येक संदेशाआधी त्याची लांबी पाठवण्यासारखी सोय प्रोग्रामरलाच करावी लागते. घरी एकाच लॅपटॉपवर चाचणी करताना ही उणीव बहुधा दिसत नाही, म्हणून ती मुद्दाम मोठा मजकूर पाठवून शोधावी लागते.

काय वगळायचे, हेही पत्रात स्पष्ट असावे. सॉफ्टवेअरच्या सर्वसाधारण पदासाठी लाइन कोडिंगचे प्रकार, टोकन रिंग आणि अलोहाची कार्यक्षमता यांना वेळ देण्याची गरज फारशी पडत नाही. गेटची तयारी करणाऱ्याचा हिशेब वेगळा, तिथे विंडोच्या आकाराची आणि वेळेची गणिते लागतात. नेटवर्कची उपकरणे किंवा त्यांचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीकडे जाणाऱ्याने मात्र वरच्या सगळ्याखेरीज व्हीलॅन, स्पॅनिंग ट्री, ओएसपीएफ आणि बीजीपी करावे. त्यातही ओएसपीएफमध्ये प्रत्येक राउटरकडे आपल्या क्षेत्राचा पूर्ण नकाशा असतो आणि बीजीपीमध्ये फक्त शेजाऱ्यांनी कळवलेले मार्ग व धोरणे असतात, हा भेद आधी समजून घ्यावा, पॅकेटचे प्रकार नंतर. रोज तासभर धरला तर पत्त्यापासून पानापर्यंतच्या प्रवासाला दोन आठवडे, त्यातला निम्मा वेळ टीसीपीला, आणि तिसरा आठवडा सबनेटिंग व बिघाडाच्या प्रश्नांना, अशी वाटणी सातवे सत्र सुरू होण्याआधीच्या सुट्टीत आरामात बसते.